इथेनॉल आणि पाणी ऊर्ध्वपातनाने पूर्ण वेगळे का होत नाहीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रसायनशास्त्राचे विद्यार्थी आणि साखर कारखान्यांच्या आसवनींतील प्रयोगशाळांत काम करणारे वाचक या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. वेगळा उल्लेख नसेल तेथे दाब ७६० मिलिमीटर पारा, म्हणजे समुद्रसपाटीचा, आणि टक्के वस्तुमानाचे समजावेत. टक्क्यांच्या घोळाबद्दल प्रश्न ८ पाहावा.

१. अ‍ॅझिओट्रोप म्हणजे नेमके काय?

ज्या द्रव मिश्रणातून निघणाऱ्या वाफेची घडण त्या द्रवाच्या घडणीशी तंतोतंत जुळते, त्या मिश्रणाला अ‍ॅझिओट्रोप म्हणतात. मराठीत त्याला स्थिरक्वाथी मिश्रण म्हणता येईल, कारण ते उकळताना त्याचे तापमान आणि त्यातील घटकांचे प्रमाण शेवटच्या थेंबापर्यंत बदलत नाही. इथेनॉल आणि पाणी यांच्या बाबतीत हे मिश्रण ९५.६ टक्के इथेनॉलाचे असते आणि ते ७८.१५ अंश सेल्सिअसला उकळते. शुद्ध इथेनॉल सुमारे ७८.४ अंशांना आणि पाणी १०० अंशांना उकळते. म्हणजे हे मिश्रण आपल्या दोन्ही घटकांपेक्षा कमी तापमानाला उकळते. पुढचे सगळे विवेचन या एका विचित्र गोष्टीभोवती फिरते.

२. इथेनॉल ७८ अंशांना उकळते आणि पाणी १०० अंशांना. मग तापमान ७८ च्या थोडे वर धरून ठेवले तर नुसते इथेनॉलच वर का येत नाही?

असे घडण्यासाठी १०० अंशांच्या खाली पाण्याची वाफ होणारच नाही, असे असायला हवे. तसे असते तर ओले कपडे दोरीवर वाळलेच नसते. प्रत्येक द्रवाचे रेणू प्रत्येक तापमानाला द्रवातून निसटत असतात, आणि त्या निसटण्याचे माप म्हणजे बाष्पदाब. ७८ अंशांना शुद्ध पाण्याचा बाष्पदाब सुमारे ३३० मिलिमीटर असतो, जो मुळीच क्षुल्लक नाही. शिवाय मिश्रण उकळते तेव्हा त्यातील एक घटक उकळत आहे आणि दुसरा वाट पाहत आहे, असे नसते. दोघांच्या वाफांचा एकत्रित दाब बाहेरच्या दाबाइतका झाला की संपूर्ण मिश्रण उकळू लागते आणि वाफेत दोघेही असतात. तापमानही आपण ‘धरून’ ठेवू शकत नाही. ते मिश्रणाच्या घडणीवरून ठरते. शेगडी मोठी केल्याने वाफ जास्त होते, उकळण्याचे तापमान वाढत नाही.

३. मग ऊर्ध्वपातनाने इथेनॉलाचे प्रमाण वाढते तरी कसे, आणि ते नेमके कोठे अडते?

वाफेत दोघेही असले तरी इथेनॉलाचा वाटा द्रवापेक्षा जास्त असतो. ती वाफ थंड करून पुन्हा उकळली की वाटा आणखी वाढतो. कॉलममधील प्रत्येक प्लेटवर हेच घडते. वातावरणीय दाबाखाली मोजलेल्या आकड्यांवरून ही चढण पाहू.

आंबवलेल्या मळीसारखा ४.७ टक्के इथेनॉल असलेला द्रव घ्या. त्याची वाफ सुमारे ३४ टक्क्यांची असते, म्हणजे एकाच उडीत सातपट वाढ झाली. ती थंड करून पुन्हा उकळली की सुमारे ७२ टक्के मिळतात. तिसऱ्या खेपेस ८३, चौथ्या खेपेस ८७ आणि पाचव्या खेपेस ९० टक्के. येथपर्यंत प्रवास झपाट्याने झाला. मात्र सहावी पायरी जेमतेम सव्वा टक्का देते, सातवी एक टक्का, आणि त्यापुढची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा लहान होत जाते. ९५.६ टक्क्यांना पायरीची उंची शून्य होते. तेथे द्रव आणि वाफ सारखेच असल्याने कितीही वेळा उकळले आणि थंड केले तरी हाती तेच मिश्रण येते.

हे आकडे प्रत्येक पायरीवर द्रव आणि वाफ पूर्ण समतोलात आली असे धरून काढलेले आहेत. प्रत्यक्षातील प्लेट इतकी कार्यक्षम नसते, आणि वरून काही भाग सतत परत खाली सोडावा लागत असल्यामुळे प्लेट्स पुष्कळ जास्त लागतात.

४. पण हे घडण्याचे मूळ कारण काय? ९५.६ टक्क्यांना पाणी आणि इथेनॉल सारख्याच सहजतेने का निसटतात?

या पानावरील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून येथे थोडा हिशेब मांडतो.

९५.६ टक्क्यांच्या मिश्रणात दर १०० रेणूंपैकी सुमारे ८९.४ इथेनॉलाचे आणि १०.६ पाण्याचे असतात. (पाण्याचा रेणू हलका असल्याने वस्तुमानाने ४.४ टक्के असलेले पाणी संख्येने दहाहून अधिक भरते.) ७८.१५ अंशांना शुद्ध इथेनॉलाचा बाष्पदाब सुमारे ७५५ मिलिमीटर आणि शुद्ध पाण्याचा सुमारे ३३० मिलिमीटर असतो. दोन्ही द्रव एकमेकांत मिसळल्यावरही प्रत्येक रेणूची निसटण्याची ओढ पूर्वीइतकीच राहिली असती, तर राउल्टच्या नियमानुसार इथेनॉलाने ७५५ च्या ८९.४ टक्के म्हणजे ६७५ मिलिमीटर आणि पाण्याने ३३० च्या १०.६ टक्के म्हणजे ३५ मिलिमीटर दाब दिला असता. वाफेतील पाण्याचा वाटा मग दर १०० रेणूंत पाचच्या आसपास, म्हणजे द्रवातल्या वाट्याच्या निम्म्याहूनही कमी भरला असता आणि पुढची पायरी चढता आली असती.

प्रत्यक्षात एकूण दाब ७६० असतो आणि त्यातील १०.६ टक्के, म्हणजे सुमारे ८० मिलिमीटर, पाण्याचा असतो. अपेक्षा ३५ ची होती. म्हणजेच या मिश्रणातील पाण्याचा रेणू, शुद्ध पाण्यात असताना जितक्या ओढीने निसटतो, त्याच्या २.३ पट ओढीने निसटतो. इथेनॉलाची ओढ मात्र जवळजवळ बदललेली नाही, कारण त्याच्या अवतीभवती बहुतांशी इथेनॉलच आहे. आता ३३० ला २.३ ने गुणले तर उत्तर ७६० च्या घरात येते. पाण्याला स्वभावतः जो उणेपणा होता, तो या २.३ पटीने बरोबर भरून काढला. यालाच अ‍ॅझिओट्रोप म्हणतात.

ही ओढ का वाढते? शुद्ध पाण्यात एक रेणू आपल्या शेजाऱ्यांशी चारपर्यंत हायड्रोजन बंध जोडू शकतो आणि सगळ्यांचे मिळून एक जाळे विणले जाते. इथेनॉलाच्या रेणूला एका टोकाला हायड्रॉक्सिल गट असतो, पण दुसरीकडे इथिल गटाची शेपटी असते आणि ती हायड्रोजन बंधांत भाग घेत नाही. चहूबाजूंनी इथेनॉलच असेल तर पाण्याच्या एकाकी रेणूला बंध मिळतात, पण पूर्वीचे जाळे मिळत नाही. तो तेथे सैल बांधलेला असतो आणि म्हणून सहज निसटतो.

हीच गोष्ट दुसऱ्या टोकालाही लागू होते. पाण्यात इथेनॉल थोडेसे असते तेव्हा उपरा तो असतो, आणि प्रश्न ३ मधील पहिल्या पायरीवर त्याची निसटण्याची ओढ चौपटीहून अधिक वाढलेली असते. म्हणून ४.७ वरून एकदम ३४ टक्क्यांची उडी मिळाली. पहिली पायरी ज्या कारणाने उंच झाली, त्याच कारणाने शेवटची पायरी नाहीशी झाली. माझ्या मते हे एक सूत्र पक्के कळले की बाकीचे अर्धे प्रश्न पडतच नाहीत.

५. आमच्या नोट्समध्ये लिहिले आहे की इथेनॉल आणि पाणी यांच्यातील हायड्रोजन बंध फार घट्ट असल्यामुळे ते वेगळे होत नाहीत. हे चूक आहे का?

होय, आणि ही चूक फार पसरलेली आहे. दोघांत हायड्रोजन बंध आहेत हे खरे. त्यांच्यामुळेच दोन्ही द्रव कोणत्याही प्रमाणात एकमेकांत मिसळतात. परंतु परक्यांमधले आकर्षण स्वकीयांमधल्या आकर्षणापेक्षा घट्ट असते तर रेणू निसटायला नाखूश झाले असते, आणि मिश्रण दोन्ही घटकांपेक्षा जास्त तापमानाला उकळले असते. असे अ‍ॅझिओट्रोप असतात. नायट्रिक आम्ल स्वतः ८३ अंशांच्या आसपास उकळते, पण त्याचे पाण्याबरोबरचे ६८ टक्क्यांचे मिश्रण सुमारे १२० अंशांना उकळते. इथेनॉलाचे प्रकरण याच्या उलट आहे, कारण येथे उकळण्याचे तापमान खाली आलेले आहे.

६. पण इथेनॉल पाण्यात ओतले की मिश्रण गरम होते, आणि ५० मिलिलीटर अधिक ५० मिलिलीटर शंभर न होता ९६–९७ मिलिलीटरच भरतात. हा घट्ट आकर्षणाचाच पुरावा नाही का?

हा आक्षेप योग्य आहे. आकारमान घटते ते मुख्यतः लहान-मोठे रेणू एकमेकांच्या फटींत बसतात म्हणून. त्यावरून निसटण्याच्या ओढीबद्दल फारसे काही सांगता येत नाही. उष्णतेचा मुद्दा अधिक खोल आहे. साध्या तापमानाला मिसळताना उष्णता खरोखर बाहेर पडते. मात्र रेणू किती ओढीने निसटेल हे केवळ उष्णतेवर ठरत नाही, मिश्रणात किती अव्यवस्था निर्माण झाली यावरही ठरते. इथिल शेपटीभोवती पाण्याचे रेणू काहीसे शिस्तीत मांडले जातात आणि दोन्ही द्रव रेणूंच्या पातळीवर पूर्ण मोकळेपणाने मिसळत नाहीत. त्यामुळे मिसळण्यातून जेवढी अव्यवस्था अपेक्षित असते तेवढी मिळत नाही, आणि हा तोटा उष्णतेच्या फायद्यापेक्षा मोठा ठरतो. त्यातही तापमान वाढते तसतशी ही बाहेर पडणारी उष्णता कमी होत जाते, आणि आपला सगळा व्यवहार ७८ अंशांजवळ चालतो.

७. हे ठरावीक प्रमाण पाहता अ‍ॅझिओट्रोप हे एक संयुगच नाही का?

नाही. एकोणिसाव्या शतकात आम्लांच्या स्थिरक्वाथी मिश्रणांबद्दल असा समज होता. १८६० मध्ये हेन्री रॉस्को यांनी हायड्रोक्लोरिक आम्लावर प्रयोग करून दाखवले की बाहेरचा दाब बदलला की या मिश्रणातील प्रमाणही बदलते. संयुगातील प्रमाण दाबाप्रमाणे बदलत नसते. इथेनॉलाच्या बाबतीतही तसेच घडते. ते प्रश्न १० मध्ये आहे.

८. कोणी ९५ टक्के म्हणतो, कोणी ९५.६, कोणी ९७.२. खरा आकडा कोणता?

९५.६ आणि ९७.२ हे दोन्ही खरे आहेत. पहिला वस्तुमानाचा आहे आणि दुसरा आकारमानाचा. इथेनॉल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे तेवढेच मिश्रण आकारमानाने मोजल्यास त्यातील इथेनॉलाचा टक्का मोठा दिसतो.

९५ चा आकडा मात्र वेगळ्या गोष्टीचा आहे. बाजारातील रेक्टिफाइड स्पिरिट साधारणपणे आकारमानाने ९५ टक्के असते, म्हणजे वस्तुमानाने सुमारे ९२.४ टक्के. ते अ‍ॅझिओट्रोप नव्हे, त्याच्या बरेच खाली आहे. अनेक विद्यार्थी ‘९५’ पाहून दोन्ही एकच समजतात. प्रश्न ३ मधील शेवटच्या पायऱ्या इतक्या बुटक्या आहेत की त्या चढण्यासाठी लागणारी वाफ परवडत नाही, म्हणून आसवनी अ‍ॅझिओट्रोपच्या आधीच थांबते. त्यामुळे ‘अ‍ॅझिओट्रोपमुळे ९५ वर अडलो’ असे कोणी म्हटले तर ते तंतोतंत बरोबर नसते. अडवले ते अ‍ॅझिओट्रोपच्या सावलीने.

९. मिथेनॉल आणि पाणी यांचा अ‍ॅझिओट्रोप का होत नाही?

प्रश्न ४ मधील तोल येथे साधत नाही म्हणून. मिथेनॉल ६४.७ अंशांनाच उकळते, त्यामुळे पाण्याला भरून काढायचा उणेपणा मोठा असतो. त्याच वेळी मिथेनॉलाची शेपटी आखूड असल्याने पाणी त्यात फारसे उपरे ठरत नाही आणि त्याची ओढ पुरेशी वाढत नाही. उलट दिशेने गेल्यास, म्हणजे शेपटी एका कार्बनाने वाढवून आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतल्यास, अडथळा लवकर येतो. त्याचा अ‍ॅझिओट्रोप ८८ टक्क्यांच्या आसपास असतो आणि तो सुमारे ८०.४ अंशांना उकळतो.

१०. दाब कमी करून ऊर्ध्वपातन केले तर अडथळा टळतो का?

तत्त्वतः टळतो. १९११ मध्ये वेड आणि मेरिमन यांनी इथेनॉल-पाणी मिश्रण निरनिराळ्या दाबांखाली उकळून पाहिले; ‘अ‍ॅझिओट्रोप’ हा शब्दही त्यांनीच त्या कामात घडवला. दाब जसजसा कमी होतो तसतसे अ‍ॅझिओट्रोपमधील इथेनॉलाचे प्रमाण वाढते, आणि साधारण ७० मिलिमीटरच्या खाली अ‍ॅझिओट्रोप नाहीसाच होतो. कारण असे की कमी दाबाखाली मिश्रण कमी तापमानाला उकळते, आणि त्या तापमानाला इथेनॉलाचा बाष्पदाब पाण्याच्या तुलनेत थोडा अधिक असतो. ७८ अंशांना ही पट २.३ आहे, तर २८ अंशांना जवळजवळ २.५. शिवाय थंड मिश्रणात पाण्याची वाढीव ओढही काहीशी ओसरते.

व्यवहारात मात्र हा मार्ग कोणी सहसा घेत नाही. अ‍ॅझिओट्रोप नाहीसा झाला तरी वाफ आणि द्रव यांच्या घडणीतील फरक नगण्यच राहतो, म्हणून प्लेट्स आणि परत खाली सोडायचा द्रव दोन्ही प्रचंड लागतात. दुसरे म्हणजे ७० मिलिमीटरखाली इथेनॉल सुमारे २८ अंशांना उकळते, म्हणजे त्याची वाफ थंड करायला त्याहून थंड पाणी हवे. सोलापूर किंवा अहिल्यानगरकडील उन्हाळ्यात कूलिंग टॉवरचे पाणी हे काम करू शकणार नाही. त्यासाठी वेगळे शीतयंत्र लावावे लागेल.

११. समजा माझ्याकडे आधीच ९८ टक्के इथेनॉल आहे. त्याचे ऊर्ध्वपातन केले तर काय होईल?

येथे नियम उलटा होतो. अ‍ॅझिओट्रोपच्या पलीकडे पाणी हाच अधिक सहज निसटणारा घटक ठरतो. त्यामुळे वाफेत द्रवापेक्षा जास्त पाणी असते आणि खाली उरणारे इथेनॉल अधिक शुद्ध होत जाते. उत्तम कॉलममध्ये वरून ९५.६ टक्क्यांचे मिश्रण आणि तळातून जवळजवळ निर्जल इथेनॉल मिळेल. याचा अर्थ अ‍ॅझिओट्रोप ही ‘कमाल शुद्धता’ नाही. तो दोन उतारांमधला एक बिंदू आहे आणि साध्या ऊर्ध्वपातनाने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाता येत नाही, इतकेच.

१२. मग पेट्रोलमध्ये मिसळायचे निर्जल इथेनॉल कसे बनवतात?

इंधनासाठी आकारमानाने किमान ९९.५ टक्के शुद्धता लागते, आणि महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवनींत शेवटचे पाणी आज बहुधा मॉलिक्युलर सीव्हने काढतात. हे झिओलाइटचे मणी असतात आणि त्यांची छिद्रे सुमारे ३ अँगस्ट्रॉम रुंद असतात. पाण्याचा रेणू आत शिरतो आणि इथेनॉलाचा मोठा रेणू बाहेरच राहतो. येथे बाष्पदाबाचा संबंधच उरत नाही, म्हणून अ‍ॅझिओट्रोपही आड येत नाही. रेक्टिफाइड स्पिरिटची वाफ आणखी तापवून मण्यांनी भरलेल्या टाकीतून नेतात. अशा दोन टाक्या असतात. एक पाणी शोषत असते, तेव्हा दुसरीतील दाब उतरवून तयार इथेनॉलाची थोडी वाफ तिच्यातून सोडतात आणि मण्यांतले पाणी बाहेर काढतात. ही पाणीदार वाफ थंड करून पुन्हा रेक्टिफायर कॉलमकडे पाठवली जाते. वाफेबरोबर द्रवाचे थेंब आत गेले तर मणी फुटून भुकटी होते. टाकीबाहेर येणाऱ्या मालातील ओल ठरलेल्या वेळेआधीच वाढू लागली, तर मणी थकले आहेत किंवा फुटले आहेत असे समजावे.

जुनी पद्धत १९०२ मधील सिडनी यंग यांची आहे. त्यात बेंझीन मिसळले की बेंझीन, इथेनॉल आणि पाणी या तिघांचा नवा अ‍ॅझिओट्रोप तयार होतो. तो ६४.९ अंशांना उकळून पाणी घेऊन वर जातो आणि तळाशी निर्जल इथेनॉल उरते. ही काट्याने काटा काढण्याची युक्ती होती. बेंझीन कर्करोगकारक असल्याने पुढे त्याच्या जागी सायक्लोहेक्झेन आले. प्रयोगशाळेत थोड्या प्रमाणात हवे असेल तर ताज्या कळीच्या चुन्याबरोबर काही तास रिफ्लक्स करून नंतर ऊर्ध्वपातन करतात. चुना पाण्याशी रासायनिक क्रिया करून त्याला अडकवून ठेवतो.

१३. मला मिळालेले इथेनॉल अ‍ॅझिओट्रोप आहे की निर्जल, हे तापमापकावरून कळेल का?

नाही. दोघांच्या उकळण्याच्या तापमानात फक्त ०.२ अंशांच्या आसपास फरक आहे. पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीच्या गावी कमी हवेच्या दाबामुळेच दोन्ही तापमाने दीड अंशाहून अधिक खाली येतात, म्हणजे तापमापकावरचा ‘७७’ काहीच सांगत नाही. घनता अधिक विश्वासार्ह आहे. २० अंशांना निर्जल इथेनॉलाची घनता दर मिलिलीटरला ०.७८९ ग्रॅम आणि अ‍ॅझिओट्रोपची सुमारे ०.८०२ ग्रॅम असते. झटपट तपासणीसाठी पांढरे निर्जल कॉपर सल्फेट चिमूटभर टाकावे. ते निळसर झाले तर पाणी आहे, पण किती आहे ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी कार्ल फिशर पद्धतच वापरावी लागते. नमुना घेताच बाटलीचे बूच लावावे, कारण निर्जल इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते आणि पावसाळ्यात तर उघड्या बाटलीचे मोजमाप थोड्याच वेळात निरर्थक ठरते.